६ जीबीची आयएसओ लिहिली, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५ एमबीचा झाला. जुन्या फायलींपैकी नेमकं काय गेलं?

काजवा

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू चालतं का बघायचं होतं. आयएसओ उतरवून घेतली, साधारण ६ जीबीची. हाताशी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह होता, तोच लावला, एचरमध्ये फाइल निवडली, पेनड्राइव्ह निवडला आणि Flash! दाबलं. माझी समजूत अशी की ६ जीबीची फाइल आहे, ती रिकाम्या जागेत कुठेतरी बसेल आणि आधीचं सगळं शेजारी तसंच राहील. पेनड्राइव्हवर निम्मी जागा मोकळी होतीच.

लॅपटॉप त्यावरून व्यवस्थित सुरू झाला. अर्धा तास वापरून बघितला. सकाळी पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला तर एक ५ एमबीचा ड्राइव्ह दिसला आणि दुसऱ्या अक्षराखाली हा संदेश आला:

```
You need to format the disk in drive F: before you can use it.
```

मी Cancel केलं आणि पेनड्राइव्ह काढून ठेवला. त्यावर साधारण २८ जीबी होतं. फोटो बरेचसे दुसरीकडे आहेत. पण आईच्या आवाजातली साठेक रेकॉर्डिंग होती, फोनवर घेतलेली, ती फक्त इथेच होती. फोन बदलताना यावर टाकली आणि फोन देऊन टाकला.

मला फार तांत्रिक कळत नाही. खरंच सगळं गेलं का, एवढंच सांगा.

धडपड्या

वाईट वाटतं, पण गेलं. एचर पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसतो आणि मग लिहितो. नुसता फॉरमॅट मारला असता तर रिकव्हरी झाली असती, बूटेबल केल्यावर होत नाही. ५ एमबी दिसतंय याचाच अर्थ बाकी काही उरलेलं नाही.

सुतारपक्षी

थांबा, असं नाही. काजवा, आधी एक काम करा: तो पेनड्राइव्ह कुठेच लावू नका. Cancel केलंत ते फार बरं झालं. आता सावकाश सांगतो.

एचर पेनड्राइव्ह पूर्ण पुसत नाही. रूफसची डीडी पद्धत किंवा लिनक्सवरची `dd` कमांडही पुसत नाही. ही सगळी साधनं एकच काम करतात. आयएसओ फाइलमधला पहिला बाइट पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटवर, दुसरा दुसऱ्यावर, असं फाइल संपेपर्यंत लिहीत जातात. फाइल संपली की थांबतात. त्यापुढच्या जागेला हातही लागत नाही. तुमची फाइल ६ जीबीची, म्हणजे पेनड्राइव्हच्या सुरुवातीचे ६ जीबी बदलले. तिथे जे होतं ते कायमचं गेलं, ते परत आणणारं साधन नाही. पण उरलेले पन्नासहून जास्त जीबी लिहून झालं त्या क्षणी जसेच्या तसे होते.

मग दिसत का नाहीत? कारण कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही सुरुवातीलाच असते. पेनड्राइव्ह फॅट३२ असो की एक्सफॅट, विभागांचा तक्ता पहिल्या सेक्टरमध्ये, वाटपाचा तक्ता त्यानंतर थोड्याच अंतरावर आणि मुख्य फोल्डरही साधारण तिथेच. हे सगळं त्या ६ जीबीखाली गाडलं गेलं. त्या जागी आता आयएसओतला विभागांचा तक्ता आलाय, आणि तो म्हणतो की इथे आयएसओचा एक विभाग आहे आणि बूटसाठी एक छोटा विभाग आहे. तो छोटा विभाग म्हणजे तुम्हाला दिसणारे ५ एमबी. विंडोजला तेवढाच वाचता येतो.

आता काळजीची गोष्ट. तुम्ही त्यावरून लॅपटॉप सुरू केलात. उबुंटूच्या अलीकडच्या आयएसओ पहिल्यांदा बूट होताना पेनड्राइव्हवरची उरलेली सगळी जागा घेऊन तिथे ext4 चा विभाग तयार करतात. नाव असतं writable. लॉग वगैरे ठेवायला. F: साठी फॉरमॅट करा म्हणणारा संदेश बहुतेक त्याच विभागाचा आहे, विंडोजला ext4 वाचता येत नाही. म्हणजे ६ जीबीच्या पुढेही थोडं लिहिलं गेलंय.

धडपड्या

मग तेच झालं ना! उरलेल्या जागेतही नवा विभाग बनला, म्हणजे तिथलंही गेलं.

सुतारपक्षी

विभाग बनवणं म्हणजे सगळी जागा लिहून काढणं नव्हे. ext4 बनवताना नोंदींच्या जागा ठरतात, जर्नलसाठी एक सलग तुकडा घेतला जातो, आणि इनोड टेबलांचे पट्टे जागोजागी आखले जातात. ते पट्टे शून्यांनी भरायचं काम लगेच होत नाही, विभाग माउंट असताना मागे हळूहळू चालू राहतं. म्हणून लाइव्ह उबुंटू जितका जास्त वेळ चालू, तितके जास्त पट्टे पुसले जातात. पण सगळे पट्टे भरले तरी ते एकूण जागेच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर असतात. अर्ध्या तासात मधल्या काही फायलींना भोकं पडली असतील. बाकीच्या तिथेच आहेत.

तुमचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे: नुसत्या क्विक फॉरमॅटनंतर यापेक्षा जास्त मिळालं असतं. त्यात सुरुवातीची नोंदवही जाते, पण हे ६ जीबी गेले नसते.

काजवा, त्या पेनड्राइव्हवरून पुन्हा बूट करू नका. लिनक्स असलेला दुसरा कॉम्प्युटर मिळेल का? आणि जुन्या फायली पेनड्राइव्हवर कधी, कुठल्या क्रमाने टाकल्या होत्या ते आठवतं का?

उंबरठा

माझंही असंच झालं होतं. बूटेबल पेनड्राइव्ह बनवला आणि लॅपटॉपच्या हार्डडिस्कवरचं सगळं गेलं, डी ड्राइव्हसकट. तेव्हापासून मी या वाटेला जात नाही. काजवा, तुमच्या लॅपटॉपमधलं तरी बघून घ्या आहे की नाही.

सुतारपक्षी

उंबरठा, पेनड्राइव्ह बनवताना लॅपटॉपच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही, चुकून तीच डिस्क निवडली नसेल तर. तुमचं बहुधा पुढच्या पायरीवर गेलं. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर इन्स्टॉल निवडलं की पूर्ण डिस्क पुसून बसवायची का, असा पर्याय येतो. तो घेतला की सगळे विभाग जातात, डी ड्राइव्हसुद्धा, कारण तो वेगळी डिस्क नसतो, त्याच डिस्कचा तुकडा असतो. काजवांनी फक्त चालवून बघितलं, त्यामुळे लॅपटॉप सुरक्षित आहे.

उंबरठा

हो, 'Erase disk' असं काहीतरी होतं. मला वाटलं पेनड्राइव्हबद्दलच विचारतंय.

काजवा

लॅपटॉप ठीक आहे, आत्ताच बघितला. भावाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, उद्या बसतो.

क्रम साधारण आठवतो. पेनड्राइव्ह नवा घेतला तेव्हा आधी फोटोंचं मोठं फोल्डर टाकलं, दहाएक जीबी. मग काही सिनेमे टाकले आणि नंतर काढून टाकले. रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी, गेल्या वर्षी.

सुतारपक्षी

हे चांगलं आहे. कोऱ्या पेनड्राइव्हवर फायली साधारण सुरुवातीपासून भरत जातात. त्यामुळे आधी टाकलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त बहुतेक त्या ६ जीबीखाली गेले, पण फोटो तुमच्याकडे बरेचसे दुसरीकडे आहेत. रेकॉर्डिंग शेवटी टाकली म्हणजे पुढच्या जागेत असण्याची शक्यता जास्त. खात्री देत नाही, कारण सिनेमे काढल्यावर मोकळ्या झालेल्या खड्ड्यांमध्येही ती गेली असतील.

उद्या पेनड्राइव्ह लावण्याआधी भावाला फाइल मॅनेजरचं आपोआप माउंट करणं बंद करायला सांगा. नाहीतर लावल्यालावल्या तो writable विभाग माउंट होईल आणि पट्टे भरायचं राहिलेलं काम पुन्हा सुरू होईल. मग टर्मिनलमध्ये:

```
lsblk -o NAME,SIZE,FSTYPE,LABEL,TRAN
```

जे येईल ते इथे टाका. त्याआधी दुसरी कुठलीच कमांड देऊ नका.

मध्यान्ह

सुतारपक्षी म्हणतात ते पटतं, कारण माझ्यावर याहून मोठा प्रसंग आला होता. मी `dd` वापरलं होतं आणि `of=/dev/sdb` दिलं. नेहमी पेनड्राइव्ह sdb असायचा. त्या दिवशी १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क आधीच लावलेली होती, ती sdb झाली आणि पेनड्राइव्ह sdc. आयएसओ २.६ जीबीची होती, पूर्ण लिहून झाली तेव्हा लक्षात आलं की पेनड्राइव्हचा दिवा एकदाही लुकलुकला नाही.

टेस्टडिस्कने जुना विभाग शोधला, P दाबल्यावर सगळी फोल्डरं नावांसकट दिसली. जवळजवळ सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता आलं. थोड्या फायली उघडल्या नाहीत. पण १ टीबीतून नावांसकट इतकं परत कसं आलं आणि पेनड्राइव्हमधून नावं का येत नाहीत, हे मला कधी कळलं नाही.

सुतारपक्षी

तुमची डिस्क एनटीएफएस होती आणि विंडोजमध्ये फॉरमॅट केलेली होती, बरोबर? विंडोज एनटीएफएस करताना फायलींची मुख्य नोंदवही, म्हणजे एमएफटी, अगदी सुरुवातीला ठेवत नाही. ४ केबीचा क्लस्टर असेल तर ती सहसा ७,८६,४३२ व्या क्लस्टरपासून सुरू होते. गुणाकार केला तर विभागाच्या सुरुवातीपासून बरोबर ३ जीबी. तुमची आयएसओ २.६ जीबीवर थांबली. नोंदवही थोडक्यात वाचली. शिवाय एनटीएफएसच्या बूट सेक्टरची दुसरी प्रत विभागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते, तिच्यावरून टेस्टडिस्कला विभाग कुठून कुठपर्यंत होता ते कळलं.

काजवांसारखी ६ जीबीची आयएसओ त्या डिस्कवर गेली असती तर नोंदवहीची सुरुवात गेली असती आणि चित्र वेगळं दिसलं असतं. फॅट आणि एक्सफॅटमध्ये नोंदवही सुरुवातीलाच असते, तिथे लहान आयएसओनेही ती जाते.

मध्यान्ह

हो, विंडोजचीच होती. म्हणजे ४०० एमबीचा फरक. आज कळलं. आता मी पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा `lsblk` बघतो. दुसऱ्या वेळी जी ओळ नवीन आली तोच पेनड्राइव्ह.

शाईपेन

थोडा वेगळा प्रश्न, पण याच्याशी जोडलेला. गेल्या महिन्यात मी एक पेनड्राइव्ह बूटेबल करून एका ओळखीच्यांना दिला. त्यावर आधी माझी ओळखपत्रं, बँकेचे कागद स्कॅन करून ठेवलेले होते. मला वाटलं बूटेबल करताना सगळं पुसलं जातं, म्हणून वेगळं काही केलं नाही. इथे वाचून आता धास्ती वाटतेय.

सुतारपक्षी

धास्ती रास्त आहे. आयएसओच्या लांबीपुढे ते कागद असतील तर फुकट मिळणाऱ्या साधनाने ते काढता येतात. शक्य असेल तर पेनड्राइव्ह परत मागून घ्या, पूर्ण पुसा, आणि पुन्हा बूटेबल करून द्या. विंडोजवर `diskpart` मध्ये दोन कमांड आहेत आणि त्यात फरक आहे. `clean` फक्त विभागांची माहिती काढते, आतला मजकूर राहतो. `clean all` शेवटच्या सेक्टरपर्यंत शून्यं लिहिते. ६४ जीबीला बराच वेळ लागतो, मध्येच थांबवू नका. आणि `select disk` ला आकडा देण्याआधी `list disk` मधलं आकारमान दोनदा वाचा. चुकीच्या आकड्यावर `clean all` चालली तर मी वर सांगितलेलं काहीच लागू पडत नाही, तिथे खरंच काही उरत नाही.

लेखणीबहाद्दर

एवढा खटाटोप कशाला करता कळत नाही. मी पेनड्राइव्हवर आयएसओ कॉपी करतो आणि बूट करतो. आधीच्या फायली आहेत तशाच राहतात. गेली दोन वर्षं असंच चाललंय.

सुतारपक्षी

नुसती .iso फाइल कॉपी करून बूट होत नाही. तुमच्या पेनड्राइव्हवर आधी कोणी व्हेंटॉय बसवून दिलंय का? त्यात कॉपी केलेली आयएसओ थेट चालते. पण व्हेंटॉय पहिल्यांदा बसवताना पेनड्राइव्ह फॉरमॅट होतो, हे आपल्यासमोर झालं नसेल तर कळत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे तुम्ही आयएसओ उघडून तिच्या आतल्या फायली कॉपी करता. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल आणि कॉम्प्युटर यूईएफआय असेल तर तेवढ्याने खूपदा चालतं. `EFI\BOOT\BOOTX64.EFI` ही फाइल जागेवर सापडली की फर्मवेअर ती सुरू करतं, आणि या पद्धतीत खरंच काही पुसलं जात नाही. मर्यादा दोन. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, त्यामुळे विंडोजच्या आयएसओतली `install.wim` अडकते. आणि काही लिनक्स पेनड्राइव्हचं लेबल ठरावीक नसेल तर बूट होता होता मध्येच थांबतात.

लेखणीबहाद्दर

व्हेंटॉयच. पुतण्याने करून दिलं होतं. मला वाटायचं सगळेच पेनड्राइव्ह असे असतात.

काजवा

भावाकडे आलोय. हे आलं:

```
NAME   SIZE FSTYPE  LABEL    TRAN
sda  476.9G                  sata
sdb   58.6G iso9660 Ubuntu   usb
├─sdb1 5.9G iso9660 Ubuntu
├─sdb2   5M vfat    ESP
├─sdb3 300K
└─sdb4 52.7G ext4   writable
```

लेबल मोठं होतं, टाकताना लहान केलंय. भाऊ म्हणतो sdb4 माउंट करून आत बघूया.

सुतारपक्षी

नको. sdb4 मध्ये उबुंटूचे लॉग दिसतील, तुमच्या फायली नाहीत. तुमच्या फायली त्या विभागाच्या हिशेबात मोकळी जागा म्हणून पडून आहेत. आधी पूर्ण पेनड्राइव्हची प्रत काढा आणि मग पेनड्राइव्ह बाजूला ठेवून प्रतीवर काम करा. भावाच्या डिस्कवर साठेक जीबी रिकामे हवेत, आणि मिळालेल्या फायलींसाठी वेगळी जागा हवी.

```
sudo ddrescue /dev/sdb pendrive.img pendrive.map
```

पहिलं नाव जिथून वाचायचं ते, दुसरं जिथे लिहायचं ते. हा क्रम उलटा झाला तर ddrescue `--force` दिल्याशिवाय डिस्कवर लिहायला नकार देतं, `dd` मात्र बिनबोभाट लिहून मोकळं होतं. म्हणून इथे ddrescue. आणि sdb लिहा, sdb4 नको. जुन्या फायलींना आताच्या विभागांच्या सीमा माहीत नाहीत.

प्रत झाली की:

```
photorec pendrive.img
```

त्यात विभाग न निवडता पूर्ण डिस्कचा पर्याय घ्या. File Opt मध्ये सगळं बंद करून फक्त mov आणि jpg ठेवा. फोनवरची रेकॉर्डिंग सहसा एमपी४ च्याच घराण्यातली असतात, ती mov मध्ये येतात. बाहेर पडताना एक्स्टेंशन m4a नसेल, mp4 किंवा दुसरं काही असेल, त्यावर जाऊ नका, वाजवून बघा. फाइल सिस्टमचा प्रश्न आला की ext नाही, Other. लाइव्ह उबुंटूने बनवलेला ext4 तुमच्या फायलींचा नाही.

नावं आणि फोल्डरं मिळणार नाहीत. फोटोरेक नोंदवही वाचतच नाही, फायलींच्या सुरुवातीच्या ओळखखुणा शोधत जातं.

काजवा

प्रत निघाली, एकही वाचनदोष नाही. फोटोरेकने तीन फोल्डरं भरली, `recup_dir.1` पासून. नावं अशी आहेत: f14683520.mp4. या आकड्यांचा काही अर्थ असतो का? फायली पुष्कळ आहेत, एकेक वाजवत बसलोय.

सुतारपक्षी

अर्थ आहे. तो सेक्टरचा क्रमांक. ५१२ ने गुणलं की ती फाइल पेनड्राइव्हच्या सुरुवातीपासून किती अंतरावर होती ते कळतं. ही साधारण ७ जीबीवर होती, म्हणजे आयएसओ जिथे संपली तिथून एक जीबी पुढे. तुमची आयएसओ ५.९ जीबीची, म्हणजे १ कोटी २३ लाखांच्या आसपासचे सेक्टर तिने खाल्ले. त्यापेक्षा लहान आकड्याच्या फायली असतील तर त्या उबुंटूमधल्या, त्यात वेळ घालवू नका. मोठ्या आकड्यांच्या तुमच्या.

काजवा

या एका गोष्टीने तासभर वाचला. लहान आकड्यांचे थोडे फोटो होते, उबुंटूची चित्रं निघाली.

आतापर्यंत ४१ रेकॉर्डिंग वाजली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पहिलं लावलं तेव्हा भाऊ आणि मी, दोघंही काही बोललो नाही.

सहा फायली मात्र वाजत नाहीत. आकार ठीक दिसतो, पण भावाने `ffprobe` लावल्यावर हे येतं:

```
moov atom not found
```

त्यातली एक सगळ्यात मोठी आहे, पाऊण तासाची असावी.

सुतारपक्षी

moov हा फाइलचा आतला पत्ता असतो, कुठला आवाज कुठे आहे याचा. फोन रेकॉर्डिंग संपवतो तेव्हा तो लिहितो, त्यामुळे तो सहसा फाइलच्या शेवटी असतो. फोटोरेकला सुरुवात सापडली, शेवट नाही सापडला. दोन कारणं संभवतात. ती फाइल पेनड्राइव्हवर दोन तुकड्यांत होती आणि दुसरा तुकडा भलतीकडे आहे. किंवा शेवटाच्या जागी ext4 चा पट्टा आला. मोठ्या फायलींना हे जास्त होतं, कारण काढून टाकलेल्या सिनेमांच्या खड्ड्यांत त्या तुकड्यांनीच बसल्या असणार.

मध्यान्ह

`untrunc` म्हणून एक साधन आहे. त्याच फोनवरची एक धड फाइल नमुना म्हणून दिली की तो नसलेला पत्ता अंदाजाने नव्याने बांधतो. काजवांकडे आता ४१ धड फायली आहेतच. मी ते व्हिडिओवर वापरलंय, नुसत्या आवाजावर नाही.

सुतारपक्षी

करून बघा, पण प्रतीच्या प्रतीवर. दुसरा तुकडा भलतीकडे असेल तर पहिल्या तुकड्याएवढाच आवाज परत येईल, पुढे खरखर किंवा शांतता. कुठलं कारण आहे ते सांगायला सेक्टरच बघावे लागतील. फाइल जिथे बिघडते तिथून पुढे नुसती शून्यं असतील तर पट्टा, दुसराच मजकूर असेल तर तुकडा.

धडपड्या

मी सुरुवातीला चुकीचं सांगितलं. माझं ऐकून त्यांनी तो फॉरमॅट केला असता. माझ्याकडे रूफसने केलेला एक जुना पेनड्राइव्ह आहे, आयएसओ पद्धतीचा. त्यातही असंच मिळेल का? त्यात विंडोजमध्ये पूर्ण आकार दिसतो.

सुतारपक्षी

त्या पद्धतीत रूफस नवा विभाग करून क्विक फॉरमॅट करतं आणि आयएसओतल्या फायली एकेक कॉपी करतं. लिहिलेली जागा साधारण तेवढीच. पण पूर्ण आकार दिसतो म्हणून माणसं त्यावर पुढे स्वतःच्या फायली टाकत राहतात, आणि त्या जुन्यांवर बसतात. नंतर किती टाकलंत?

धडपड्या

भरपूर. जवळजवळ भरलाय.

उभा_दांडा

रूफसची डीडी पद्धत आणि आयएसओ पद्धत यांत जुनं कशात जास्त वाचतं? माझ्या मते आयएसओ पद्धतीत, कारण फायली विखरून बसतात आणि मध्ये जागा राहते.

सुतारपक्षी

कोऱ्या फॉरमॅटवर फायली सहसा विखरत नाहीत, सुरुवातीपासून सलग बसतात. म्हणून मला फारसा फरक दिसत नाही.

उभा_दांडा

आयएसओ पद्धतीत फॅटचे दोन्ही तक्ते पूर्ण पेनड्राइव्हसाठी नव्याने लिहिले जातात ना? मग नोंदवही दोन्हीकडे जाते हे मान्य. पण उपफोल्डरं आतल्या जागेत असतात, ती वाचतील.

सुतारपक्षी

उपफोल्डरं डीडीतही वाचतात, आयएसओच्या पुढच्या जागेत असतील तर. काजवांच्या पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगचं फोल्डर पुढे असेल तर त्यांची जुनी नावंही प्रतीत कुठेतरी पडलेली असतील. फोटोरेक ती दाखवत नाही, ती हाताने शोधावी लागतील. काजवा, नावांमध्ये तारखा होत्या का?

काजवा

हो, आईनेच फोनवर नावं दिली होती, तारीख आणि विषय. ती मिळाली तर फार हवी आहेत.

मोठ्या फाइलवर `untrunc` चालवलं. अकरा मिनिटं स्वच्छ आहेत, मग आवाज अर्ध्या वाक्यात तुटतो. भाऊ आता त्या जागेचे सेक्टर बघतोय, म्हणतो पुढे शून्यं नाहीत, फोटोसारखं काहीतरी आहे.

सुतारपक्षी

म्हणजे तुकडा. दुसरा भाग त्या प्रतीत असेल तर ६ जीबीच्या पुढे कुठेतरी असेल, आणि `pendrive.img` तुमच्याकडे आहे तोवर घाई नाही. भावाला त्या फोटोचा शेवट कुठे होतो ते बघायला सांगा आणि त्याच्या लगेच पुढचा सेक्टर इथे टाका.